तोंड न दाखवता पातोळ्या: चेहऱ्यासाठी लिहिलेली स्क्रिप्ट हातांसाठी कशी बदलायची

प्रश्न: «वहिनी नागपंचमीच्या पातोळ्यांचा व्हिडिओ करतेय. कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं असं धरून स्क्रिप्ट मी लिहिली, साधारण सहा मिनिटांची. आता ती म्हणते तोंड दाखवणार नाही, फक्त हात, भांडी आणि मागून आवाज. तीच स्क्रिप्ट व्हॉइसओव्हरला वाचली तर चालेल का? सुरुवात अशी आहे: ‘नमस्कार मंडळी, मला लहानपणापासून पातोळ्या खूप आवडतात. माझी आजी दर वर्षी करायची. पीठ जास्त पातळ झालं तर पान उचलताना ते वाहून जातं आणि जास्त घट्ट झालं तर पातोळी जाड होते, त्यामुळे ते नेहमी मध्यम ठेवावं.’ आम्ही डिचोलीचे.»

तशीच वाचली तर चालणार नाही. पण सगळी फेकून द्यायचीही गरज नाही. तुमच्या चार ओळींतच नेमकं काय करायचं ते दिसतंय, म्हणून त्यांनाच धरून सांगतो.

माणूस समोर बसून बोलतो तेव्हा त्याचं प्रत्येक वाक्य चेहऱ्याला टेकून उभं असतं. «मला पातोळ्या खूप आवडतात» हे वाक्य तसं पोकळ आहे, पण बोलणारीच्या डोळ्यांत ते दिसतं म्हणून खपून जातं. वहिनींनी चेहरा काढून घेतला की ती टेकण गेली. आता आवाज सांगतोय «खूप आवडतात» आणि पडद्यावर एक पातेलं दिसतंय. बघणारा पातेल्याकडे बघत बसतो, म्हणजे वाट बघत बसतो. तेव्हा स्क्रिप्टमधल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे ऐकू येत असताना डोळ्यांसमोर काय चाललंय? ज्याला उत्तर नाही ते वाक्य एकतर बदलेल, नाहीतर जाईल.

त्याआधी वहिनींशी एक गोष्ट बोलून घ्या, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर अवलंबून आहे. त्यांना कॅमेऱ्यासमोर संकोच वाटतो, की आपण कोण हे कळूच द्यायचं नाही? दोन्ही वेगळं आहे. नुसता संकोच असेल तर «माझी आजी», «आमच्या डिचोलीत» असं मोकळेपणानं बोलता येतं, हातातल्या बांगड्याही राहू देत. ओळखच लपवायची असेल तर गावातली माणसं आवाजावरून आणि अंगठीवरूनही ओळखतात, मग आजीची गोष्टसुद्धा जपून सांगावी लागते. मी पुढे संकोच धरून चाललोय. आणि संकोच असला तरी वहिनींना हळूहळू चेहऱ्याकडे न्यायचं असा बेत मनात ठेवून लिहू नका. तसं लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये चेहऱ्यासाठी मोकळ्या जागा राहतात आणि त्या तशाच रिकाम्या दिसतात.

आता स्क्रिप्टचा कागद घ्या आणि वाक्यं वेगवेगळी करा. मी तीन रंगांची पेनं वापरतो. हाताला करता येईल असं वाक्य हिरवं. हाताला करता येत नाही, पण एखादी वस्तू ज्याचा भार उचलू शकते ते निळं. आणि फक्त चेहऱ्यावरच जगणारं वाक्य लाल. तुमच्या ओळींत नमस्कार आणि आवड लाल, आजी निळी, पीठ हिरवं.

लाल आधी उरकतो. नमस्कार सरळ काढा. चेहरा नसताना नमस्कार रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा वाटतो. आवडीचं वाक्यही काढा, पण त्यातली भावना टाकू नका, तिला शेवटी जागा आहे, त्याबद्दल पुढे येतोच.

हिरव्या वाक्यात मात्र खरं काम आहे. पिठाचं तुमचं वाक्य माहिती म्हणून बरोबर आहे, पण ते निष्कर्ष सांगतं. समोर बसून बोलणाऱ्याला निष्कर्षच सांगावा लागतो, कारण त्याच्या हातात काही नसतं. वहिनींच्या हातात पीठ आहे. मग सांगायचं कशाला, होऊ द्या. मी हे असं लिहीन:

हात: हळदीच्या पानावर पीठ पसरतात. पान उभं धरतात. पीठ खाली ओघळतं.
आवाज: वाहिलं.
हात: भांड्यात दोन चमचे तांदळाची पिठी, ढवळणं. दुसरं पान.
आवाज: दोन चमचे पिठी. तीन नव्हे.
हात: पसरतात, पान उभं धरतात, थांबतात. पीठ जागेवर.
आवाज: एक, दोन, तीन म्हणेपर्यंत राहिलं की झालं.
हात: तिसरं पान, मुद्दाम जाड थर. बोटांच्या रेघा तशाच राहतात.
आवाज: आणि बोटांच्या रेघा मिटत नसतील तर घट्ट आहे. ही पातोळी चिवट होणार.

तुमच्या वाक्यातला «मध्यम» हा शब्द आता कुठेच नाही, आणि बघणाऱ्याला मध्यम म्हणजे काय ते पक्कं कळलंय. चेहऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये असे शब्द पुष्कळ असतात: मध्यम, योग्य, व्यवस्थित, गरजेपुरतं. हातांसाठी लिहिताना यातला प्रत्येक शब्द म्हणजे न घेतलेला एक शॉट समजा. «गूळ योग्य प्रमाणात घ्यावा» असं कुठे लिहिलं असेल तर त्या जागी वाटी दाखवा: दोन वाट्या खवलेलं खोबरं, एक वाटी गूळ. आकडा आवाजानं सांगायचा आणि वाटी डोळ्यांनी बघायची, म्हणजे दोन्ही मिळून लक्षात राहतं.

उलटी चूकही तितकीच होते आणि ती जास्त कंटाळवाणी असते. हात पान पुसतायत आणि आवाज म्हणतोय «आता मी पान पुसून घेत आहे». आवाजानं ते सांगावं जे कॅमेऱ्याला दिसत नाही: वास, गरमपणा, प्रमाण, कारण, आणि कुणीतरी पूर्वी केलेली चूक. पान पुसताना आवाज म्हणेल, «पाणी राहिलं तर पीठ पानाला धरत नाही, सरकतं.» हात काय करतात हे हातांना सांगू द्या, का करतात ते आवाजाला.

इथे मराठीची एक अडचण येते आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. «हळदीच्या पानावर वाटलेल्या तांदळाचं पीठ ओल्या बोटांनी कडेपर्यंत पातळ पसरायचं» या वाक्यात पसरणं कळतं ते अगदी शेवटी. तोवर हात अर्धं पान पसरून मोकळे झालेले असतात, आणि आवाज त्यांच्या मागून धावत येतो. कागदावर हे वाक्य छान आहे, समोरासमोर बोलतानाही चालतं. हातांबरोबर ते चालत नाही.

यावर उपाय दोन. एक, आपण घरात जसं बोलतो तसं क्रियापद पुढे आणायचं: «पसरायचं. ओल्या बोटांनी. कडेपर्यंत.» स्वयंपाकघरात सासू सुनेला असंच सांगते, लेखी मराठीत मात्र आपण ते विसरतो. दोन, हाताला थांबवायचं: वाक्य संपेपर्यंत बोटं पिठात बुडवून तशीच ठेवायची आणि «पसरायचं» म्हटल्यावर हलवायची. महत्त्वाच्या जागी दुसरा उपाय चांगला, बाकी सगळीकडे पहिला. पहिल्यात आणखी एक फायदा आहे. छोटी वाक्यं झाली की एडिटिंगच्या वेळी त्यांतलं एक उचलून अर्धा सेकंद पुढेमागे सरकवता येतं. लांब वाक्य अडकून बसतं.

क्रियापदाचं रूपही बघून घ्या. «घ्यावे», «ठेवावे» हे पाककृतीच्या पुस्तकातलं, आणि «मी घेत आहे» हे कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या माणसाचं. फक्त हात दिसत असताना «घ्यायचं», «ठेवायचं» हे सगळ्यात सहज बसतं, कारण त्यात मी-तू नाही, नुसतं काम आहे. चेहरा नसलेल्या व्हिडिओत «मी» अगदी मोजक्या जागी यावा, म्हणजे जेव्हा येतो तेव्हा त्याला वजन असतं.

शब्द आणि वस्तू यांचा क्रमही ठरवून ठेवा. आधी वस्तू चौकटीत यायला हवी, मग तिचं नाव. अगदी थोडं आधी, अर्धा सेकंद. नाव आधी आलं की बघणारा चौकटीत ती वस्तू शोधायला लागतो आणि तेवढ्यात तुमचं पुढचं वाक्य निघून जातं. याचा एक फायदा आपल्याकडच्या लोकांना फार आहे. चून, आदोळी असे शब्द घाटावरच्या प्रेक्षकाला कळणार नाहीत म्हणून लोक स्क्रिप्टमध्ये फोड करत बसतात: «चून म्हणजे खोबरं आणि गुळाचं सारण, ज्याला आम्ही गोव्यात...» चेहऱ्याच्या व्हिडिओत ती फोड लागते. इथे आदोळीवर नारळ फिरतोय हे दिसतंच आहे. «आदोळीवर खवलेला नारळ» एवढं म्हटलं की बास, चित्रानंच शब्दाचा अर्थ सांगितला. गोव्याचे शब्द बिनधास्त ठेवा.

आता निळी वाक्यं, म्हणजे आजी. «माझी आजी दर वर्षी करायची» हे सांगताना पडद्यावर काय असेल? बहुतेक जण इथे आजीचा जुना फोटो लावतात. मला ते पटत नाही. ज्या व्हिडिओत स्वतः करणारीचं तोंड नाही त्यात आजीचं तोंड आलं की सगळं लक्ष तिकडे जातं आणि पुढे हात परके वाटायला लागतात. वहिनींना विचारा की आजीच्या वेळची एखादी वस्तू स्वयंपाकघरात आहे का. असतेच. समजा आजीची आदोळी आहे. मग नारळ खवताना मध्येच हात थांबतात, आदोळीच्या पाटाच्या झिजलेल्या कडेवरून अंगठा एकदा फिरतो, आणि आवाज म्हणतो: «ही आजीची. झिजलीय तिच्याच बसण्यानं.» पुन्हा खवणं सुरू. सगळं मिळून सहा-सात सेकंद. यात दर वर्षी करायची असं म्हटलेलंच नाही, तरी झिजलेल्या लाकडातून ते पोचतं. वस्तू मात्र खरी हवी. बाजारातून आणलेली जुनी वाटणारी आदोळी ठेवली तर तिच्यावरून अंगठा वेगळाच फिरतो, आणि का कोण जाणे, ते दिसतं.

मी वर «हात थांबतात» म्हटलं ते मुद्दाम. बोलणारा माणूस जोर द्यायचा असला की भुवया उंचावतो, मान हलवतो. हाताकडे त्यासाठी एकच साधन आहे, थांबणं. सतत हलणाऱ्या हातांत मध्येच दोन सेकंद स्तब्धता आली की बघणारा आपोआप सावध होतो. आणि हात चौकटीबाहेर गेले की परिच्छेद संपला. या दोन गोष्टी स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवाव्या लागतात, नाहीतर शूटिंगच्या वेळी कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मी वाक्याच्या शेवटी कंसात «स्तब्ध» आणि «हात बाहेर» एवढंच लिहितो. सहा मिनिटांच्या व्हिडिओत स्तब्ध तीन-चारदा पुरे. जास्त झालं की नाटकी वाटतं.

पुढचा प्रश्न सगळे विचारतात: आधी आवाज रेकॉर्ड करायचा की आधी हात? हे विषयावर आहे. पातोळ्यांसारखी कृती असेल तर आधी हात, कारण हाताचा वेळ तुमच्या मनासारखा आखूड होत नाही. पान पसरायला पस्तीस सेकंद लागतात म्हणजे लागतात. फास्ट करता येतं, पण मग पीठ कसं हलतं ते दिसत नाही आणि व्हिडिओचा सगळा अर्थच जातो. विषय जर विचाराचा असेल, तर आधी आवाज आणि मग त्याला वस्तू.

दुसऱ्या प्रकारचं एक उदाहरण सांगतो, जरा बाजूचं आहे. मडगावातल्या एका निवृत्त काकांना चक्रवाढ व्याज समजावणारा व्हिडिओ करायचा होता, तोही तोंड न दाखवता. आम्ही काजूबिया घेतल्या. शंभरच्या दहा-दहाच्या ओळी मांडल्या आणि दर दहा टक्के धरला. पहिल्या वर्षी दहा बिया वाढल्या, एकशे दहा. दुसऱ्या वर्षी अकरा, एकशे एकवीस. इथवर सुंदर चाललं होतं. तिसऱ्या वर्षी हिशेब 133.1 आला आणि काका बी हातात धरून बसले, एक दशांश बी कुठून आणायची? स्क्रिप्ट लिहिताना आकडा बरोबर होता, पण वस्तूला तो झेपत नव्हता. शेवटी दुसऱ्या वर्षावर थांबलो, कारण मुद्दा एवढाच होता की दुसऱ्या वर्षी दहाऐवजी अकरा वाढतात, आणि ती अकरावी बी काकांनी वेगळी काढून मधोमध ठेवली होती. विचाराच्या विषयात स्क्रिप्ट पक्की करण्यापूर्वी वस्तू एकदा मांडून बघा, एवढंच यातून घ्या.

पातोळ्यांकडे परत. माझी पद्धत अशी: एके दुपारी वहिनींनी नेहमीसारख्या पातोळ्या करायच्या, कॅमेरा नाही, स्क्रिप्ट नाही. तुम्ही घड्याळ घेऊन बाजूला बसायचं आणि प्रत्येक कामाला किती सेकंद लागले ते लिहायचं. खवणं, चून शिजवणं, पान पुसणं, पसरणं, चून भरणं, दुमडणं. मग त्या यादीशेजारी तुमची वाक्यं मांडायची. तुमचं पिठाचं वाक्य नेहमीच्या वेगानं वाचलं तर साधारण बारा सेकंद घेईल, आणि तेवढ्यात पसरण्याचं काम निम्मंही होत नाही. हातापाशी वेळ उरला तर घाबरू नका. तिथे काहीच बोलू नका, बोटांचा आणि पानाचा आवाज ऐकू द्या. आवाजापाशी वेळ उरला, म्हणजे हाताचं काम संपलं आणि वाक्य अजून चालूच आहे, तर मात्र वाक्य कापायचं. मी बहुतेक वेळा सहा मिनिटांच्या बोलण्याच्या स्क्रिप्टमधले जवळपास निम्मे शब्द असेच काढतो. कापलेल्यांतली एखाददुसरी ओळ खरंच हवी असते, ती कॅप्शनमध्ये टाका.

मग शूट. शूट झाल्यावर हातांचं एडिटिंग करा, त्यावर मोबाईलवरच कच्चा आवाज बोलून बघा आणि स्क्रिप्ट पुन्हा एकदा दुरुस्त करा. हा टप्पा टाळू नका. शूटिंगच्या वेळी काहीतरी असं घडतं जे कुणी लिहिलेलं नसतं, पान फाटतं, चून सांडतो, आणि स्क्रिप्टमधली सगळ्यात चांगली ओळ तिथेच मिळते. एकदा एका बाईंच्या हातून देठाकडची जाड शीर दुमडताना पान उभं चिरलं. बाईंनी काही न बोलता ते बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं आणि शीर अंगठ्यानं दाबून सपाट केली. मी तो शॉट सुरुवातीला नेला आणि पहिलं वाक्य झालं: «पान फाटलं, कारण शीर तशीच ठेवली.» नमस्काराच्या जागी तुम्हाला हवी ती सुरुवात साधारण अशी असते. बघणाऱ्याच्या हातूनही तेच झालेलं असतं.

शूटिंगबद्दल थोडंच सांगतो, कारण तुमचा प्रश्न स्क्रिप्टचा आहे. फोन वरून लावायचा, पण वहिनींच्या बाजूनं, म्हणजे हात चौकटीच्या खालच्या कडेनं आत येतील. समोरून लावला तर हात वरून उतरतात आणि बघणाऱ्याला ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात. बघणाऱ्याला ते आपलेच हात वाटले पाहिजेत. फोकस आणि उजेड बोटानं दाबून लॉक करा, नाहीतर पांढरं पीठ चौकटीत आलं की सगळं काळवंडतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरात दिवे लावावेच लागतात. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे 30 फ्रेमवर काही दिव्यांखाली पट्टे सरकताना दिसतात. फोनमध्ये 25 फ्रेम मिळत असतील तर त्या निवडा, नसतील तर खिडकीशी बसा.

आणि चकचकीत भांडी. हे मी स्वतः भोगलेलं आहे. तोंड अजिबात दाखवायचं नाही अशी अट घातलेल्या एका बाईंचा सगळा व्हिडिओ कापून, आवाज घालून तयार झाला, आणि शेवटच्या वेळी मोठ्या स्क्रीनवर बघताना मोदकपात्राच्या स्टीलच्या झाकणात त्यांचा वाकलेला चेहरा स्पष्ट दिसला. झाकण उघडण्याचा शॉट, म्हणजे नेमका वाफेचा! पुन्हा घ्यावा लागला, आणि वाफ पहिल्यासारखी आली नाही. तेव्हापासून मी स्क्रिप्टमध्येच लिहितो की झाकण पितळेचं, जुनं किंवा पानानं झाकलेलं. पळी, ताट, पाण्यानं भरलेलं पातेलं, सगळीकडे बघा. ओळख लपवायची असेल तर मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर आणि लादीची नक्षीसुद्धा.

आता शेवटचा भाग, ज्यासाठी ती लाल ओळ बाजूला ठेवली होती. वाफवून झालेली पातोळी पानासकट बाहेर येते. पान शिजलंय हे रंगावरून कळतं, कच्चं हिरवं जाऊन ते शेवाळी होतं. हे आवाजानं सांगायचं नाही, वाफेत ठेवण्याआधीचं एक कच्चं पान शेजारी ठेवा, बास. गरम असतानाच पान सोलायला गेलात तर पीठ पानाला चिकटून ओरबाडलं जातं, म्हणून काही मिनिटं थांबावं लागतं. ही थांबण्याची वेळ स्क्रिप्टमध्ये मोलाची आहे, कारण हात रिकामे आहेत आणि बघणारा वाट बघतोय. हातांपाशी काही काम नाही अशी व्हिडिओतली ही एकच जागा, म्हणून इथेच वहिनींनी दोन वाक्यं स्वतःबद्दल बोलावीत:

हात: पातोळी ताटलीत. बोटं पानाला लावून बघतात, चटका, मागे येतात. (स्तब्ध)
आवाज: लहानपणी इथे मला थांबता यायचं नाही. पहिली पातोळी कायम फाटलेलीच खाल्ली.
हात: पान हळूहळू सोलतात. पातोळीवर पानाच्या शिरांचे ठसे.
आवाज: (काही नाही)

«मला लहानपणापासून पातोळ्या खूप आवडतात» हे तुमचंच वाक्य आहे, फक्त आता ते चेहऱ्याऐवजी पोळलेल्या बोटांवर बसलंय. गोष्ट वहिनींची स्वतःची हवी, माझी ओळ नुसती जागा दाखवायला आहे. आणि पान सोलताना गप्प राहायला त्यांना जड जाईल. शिरांच्या ठशांबद्दल काहीतरी छान बोलायचा मोह होतो. होऊ देऊ नका.

आवाज रेकॉर्ड करताना संकोची माणसं वाचल्यासारखी बोलतात. त्यांना कागद हातात देऊ नका, हळदीचं पान द्या. पसरायच्या ओळी बोलताना त्यांनी हवेत तसेच हात हलवले की आवाजाचा वेग आपोआप हातांशी जुळतो, आणि श्वास जिथे घ्यायचा तिथेच घेतला जातो. खोली रिकामी आणि उंच छपराची असेल तर आवाज घुमतो, म्हणून कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर उभं करा, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला. पंखा बंद. पाऊस कौलांवर जोरात कोसळत असेल तर थांबा, तो शॉटखाली वेगळा घालता येतो, आवाजातून काढता येत नाही. आणि आदोळीचा, पानाच्या घडीचा, झाकणाचा आवाज फोन जवळ नेऊन एकदा वेगळा रेकॉर्ड करा. मी वर जिथे जिथे गप्प राहा म्हटलंय त्या जागा याच आवाजांनी भरायच्या आहेत.

एक व्यवहाराची गोष्ट. हळदीची पानं पावसाळ्यातच मिळतात, तेव्हा काही चुकलं तर मार्चमध्ये पुन्हा शूट करता येणार नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणणार असाल तर घरी लागतील त्याच्या तिप्पट पानं आणा: एक भाग घड्याळ लावून करायच्या दुपारसाठी, एक शूटसाठी, आणि एक मुद्दाम बिघडवायच्या पानांसाठी. पातळ पिठाचं, जाड थराचं आणि गरम असताना सोललेलं अशी तीन बिघडलेली पानं हवीतच, ती ऐनवेळी मिळत नाहीत, कारण तोवर वहिनींचा हात बसलेला असतो आणि चुका व्हायच्या बंद होतात. व्हिडिओत नागपंचमीचं नाव सुरुवातीला घेऊ नका, शेवटी घ्या. आपले ख्रिस्ती शेजारी 15 ऑगस्टच्या सायबिणीच्या फेस्ताला पातोळ्या करतात, तेव्हा शेवटचं वाक्य तेवढं बदलून तोच व्हिडिओ त्यांच्यासाठीही लावता येईल. ते वाक्य वहिनींकडून त्याच बैठकीत दोन्ही प्रकारे बोलून घ्या, नंतर आवाज जुळत नाही.